पायलटमधला एसडी थेट फॉर्म्युल्यात टाकू नका: मुख्य ट्रायलचा सॅम्पल साइज काढायची पद्धत, पायरी पायरीने

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये पीजी करताना पहिली पायलट केली तेव्हा त्यातून एसडीचा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा, एक आकडा आला, तो मी फॉर्म्युल्यात टाकला, उत्तर सिनॉप्सिसमध्ये लिहिलं आणि विषय संपला असं समजले. दीड वर्षाने मुख्य अभ्यासाचा डेटा हातात आला तेव्हा एसडी पायलटपेक्षा बराच मोठा निघाला, कॉन्फिडन्स इंटरव्हल इतका रुंद आला की उपचाराने फायदा झाला असंही म्हणता येईना आणि झाला नाही असंही म्हणता येईना. शंभरच्या वर पेशंट महिनोन्महिने आमच्याकडे येत होते, त्यांच्या वेळेचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चूक फॉर्म्युल्यात नव्हती, पायलटमधला एसडी हा स्वतःच एक अंदाज आहे आणि तोही थोड्या लोकांवरून काढलेला, हे मी कुठेच धरलं नव्हतं. आता ज्युनियर लोक सिनॉप्सिस घेऊन येतात तेव्हा दहातल्या बऱ्याच जणांकडे हेच दिसतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

उदाहरण एकच घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा ब्लड प्रेशरचे पेशंट आहेत, एका ग्रुपला घरी मोजायचं मशीन आणि दर आठवड्याला नर्सचा फोन, दुसऱ्या ग्रुपला नेहमीचा ओपीडी फॉलोअप. १२ आठवड्यांनी सिस्टॉलिक बीपी मोजायचं. पायलटमध्ये २८ पेशंट घेतले, २४ शेवटपर्यंत टिकले, प्रत्येक ग्रुपमध्ये १२. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी गोल केलेत, पण असे आकडे खऱ्या पायलटमध्ये अगदी सहज येतात.

बसण्याआधी हे जवळ ठेवा

- पायलटची मूळ शीट, प्रत्येक पेशंटची एक ओळ. नुसता सरासरीचा तक्ता पुरत नाही.
- ड्रॉपआउटचं रजिस्टर, कोण कधी गेलं आणि का गेलं.
- याच आउटकमवर आधी झालेले दोन-तीन चांगले अभ्यास, त्यातले एसडी बघायला.
- पायलटचा एथिक्स कमिटीने मंजूर केलेला प्रोटोकॉल. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा नंबरही, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते.
- आर किंवा एक्सेल, दोन्हीपैकी काहीही चालेल.

## १. पायलटमधला फरक बाजूला ठेवा

सगळ्यात मोठा सापळा हाच आहे म्हणून पहिला. पायलटमध्ये दोन ग्रुपच्या सरासरीत ९ मिमीचा फरक आला आणि एसडी १२ आला असं धरा. मन लगेच म्हणतं की वा, ९ चा फरक आहे, मग ९ आणि १२ टाकून सॅम्पल साइज काढू. ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरोखर असेल तर तो पकडायची ८० टक्के शक्यता, धरली की उत्तर येतं ग्रुपला फक्त २९ पेशंट. सहा महिन्यात होईल, गाइडही खूश.

पण त्या ९ चा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून बघा. ग्रुपला १२ पेशंट आणि एसडी १२ असेल तर फरकाची स्टँडर्ड एरर ४.९ येते, आणि ९५ टक्के इंटरव्हल जातो साधारण उणे १ पासून १९ पर्यंत. म्हणजे उपचाराने काहीच होत नाही इथपासून ते चमत्कार होतो इथपर्यंत सगळं त्यात बसतं. असा आकडा ट्रायलचा पाया धरायचा म्हणजे वाळूवर खांब रोवायचा. खरा फरक समजा ५ मिमी असेल तर ग्रुपला २९ पेशंट घेऊन तो पकडायची शक्यता साधारण ३५ टक्केच राहते, म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा उपचार खरोखर चालत असूनही तुम्ही काही सापडलं नाही असं लिहाल.

हे उलटंही होतं. पायलटमध्ये योगायोगाने फरक १ मिमी आला की लोक तो उपचारच सोडून देतात. आणि ज्यांचा फरक मोठा दिसला तेच पुढे जातात, म्हणजे पुढे गेलेल्या पायलटमधला फरक सरासरीने खऱ्यापेक्षा फुगलेलाच असतो. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली याच धोक्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं, पण सवय अजून गेलेली नाही.

## २. कुठला फरक शोधायचा ते पायलट बघायच्या आधी ठरवा

मग ट्रायलमध्ये फरक कुठला धरायचा? तो जो पेशंटच्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचा आहे आणि अशा उपचाराने मिळणं शक्यही आहे. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, पायलटच्या शीटचा नाही. बीपीसाठी आपलं नशीब चांगलं, २०२१ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात औषधांनी सिस्टॉलिक ५ मिमीने उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटनांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. म्हणून ५ मिमी हा आकडा समर्थन करता येईल असा आहे, आणि आपण तोच धरू.

ज्या आउटकमसाठी असं काही मिळत नाही तिथे त्या विषयातल्या चार-पाच अनुभवी लोकांना बसवून विचारा की किती सुधारणा झाली तर तुम्ही तुमची पद्धत बदलाल. ते लिहून ठेवा, तारीख टाका. पायलटचा निकाल आल्यावर हा आकडा हलवायचा नाही. पुढे आठव्या पायरीत सॅम्पल साइज अंगावर येईल तेव्हा हात सगळ्यात आधी याच आकड्याकडे जातो, म्हणून आत्ताच सांगतेय.

## ३. एसडी बरोबर तोच काढा

पायलटकडून आपल्याला मुख्य म्हणजे पसारा हवाय, पेशंटपेशंटमध्ये बीपी किती वेगवेगळं असतं तो. पण त्यातही तीन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं, सगळे २४ पेशंट एकत्र करून एसडी काढू नका, त्यात दोन ग्रुपमधला फरकही मिसळतो. दोन्ही ग्रुपचा एसडी वेगळा काढा आणि मग एकत्रित करा. आपल्या उदाहरणात मशीनवाल्या ग्रुपचा १०.८ आणि ओपीडीवाल्यांचा १३.१, दोघांचा वर्ग करून सरासरी घेतली आणि वर्गमूळ काढलं की १२.० येतं. ग्रुप सारखे आहेत म्हणून साधी सरासरी चालली, नाहीतर प्रत्येकाला त्याच्या पेशंटसंख्या उणे १ इतकं वजन द्यायचं.

दुसरं, मुख्य ट्रायलमध्ये जे मोजणार त्याचाच एसडी हवा. १२ आठवड्यांचं बीपी बघणार असाल तर १२ आठवड्यांच्या बीपीचा, बदल बघणार असाल तर बदलाचा. हे दोन आकडे खूप वेगळे असू शकतात. आणि पायलटमध्ये एकदाच मोजलं पण मुख्य ट्रायलमध्ये तीन रीडिंगची सरासरी घेणार असं असेल तर एसडी बदलणारच, मग पायलटचा उपयोग तेवढा कमी झाला.

तिसरं, आधीच्या पेपरमधला एसडी पायलटशी ताडून बघताना तो एसडीच आहे ना ते तपासा. बऱ्याच तक्त्यांमध्ये अधिक-उणे चिन्हापुढे स्टँडर्ड एरर छापलेली असते. बीपीचा एसडी २ किंवा ३ दिसला तर समजायचं की ती एररच आहे, माणसांचं बीपी इतकं एकसारखं कधीच नसतं.

## ४. हा १२ किती डळमळीत आहे ते बघा

आता खरा मुद्दा. ग्रुपला १२ म्हणजे एकूण २४, त्यातून दोन सरासऱ्या काढल्या म्हणून २ वजा, उरल्या २२ डिग्रीज ऑफ फ्रीडम. एवढ्यावरून काढलेल्या एसडीचा ९५ टक्के इंटरव्हल काय-स्क्वेअर वितरणावरून निघतो आणि तो येतो ९.३ ते १७.०.

हे वाचून थोडं थांबा. खरा एसडी ९.३ असेल तर ग्रुपला साधारण ५५ पेशंट पुरतात, १७ असेल तर १८२ लागतात. आपण मधला १२ टाकला तर ९२ येतात. म्हणजे पायलटने आपल्याला ९२ असं सांगितलेलं नाहीये, पायलटने सांगितलंय की ५५ आणि १८२ च्या मध्ये कुठेतरी. सिनॉप्सिसमध्ये मात्र आपण नुसतं ९२ लिहितो आणि तो आकडा वजनकाट्यावर मोजून आणल्यासारखा दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, कधी जास्त कधी कमी, सरासरीने बरोबरच ना? तसं होत नाही. काय-स्क्वेअर वितरण एका बाजूला झुकलेलं असतं, त्यामुळे छोट्या पायलटमधला एसडी खऱ्या एसडीपेक्षा कमी निघायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, २२ डिग्रीजला १०० पैकी साधारण ५४ वेळा. आणि कमी निघाल्याची किंमत मोठी असते. ग्रुपला ९२ घेतले आणि खरा एसडी १४ निघाला तर ८० टक्के पॉवरची ६७-६८ टक्के होते. १७ निघाला तर ५१ टक्के, म्हणजे दोन वर्षांचं काम आणि निकाल जवळजवळ नाणेफेकीवर.

## ५. वरच्या मर्यादेचा एसडी वापरा

यावर सोपा आणि मान्य असलेला उपाय ब्राउन यांनी १९९५ साली मांडला. एसडीचा अंदाज थेट न वापरता त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलची वरची मर्यादा वापरायची, एकाच बाजूची, साधारणपणे ८० टक्क्यांची. असं केलं की ठरवलेली पॉवर प्रत्यक्षात मिळेल याची किमान ८० टक्के खात्री राहते, हा त्याचा अर्थ.

आरमध्ये एवढंच:

```r
s <- 12; df <- 22; d <- 5
s_up <- s * sqrt(df / qchisq(0.20, df))
s_up
power.t.test(delta = d, sd = s_up, power = 0.80)
```

`s_up` येतो १३.९ आणि ग्रुपला पेशंट येतात १२३. म्हणजे ९२ चे १२३ झाले, ३१ जास्त. हा ३१ चा आकडा म्हणजे आपली पायलट लहान होती त्याची किंमत.

एक्सेलमध्ये करायचं तर एसडी कितीने वाढवायचा तो गुणक असा:

```
=SQRT(22/CHISQ.INV(0.2,22))
```

उत्तर १.१६ आलं पाहिजे. इथे एक सापळा आहे आणि मी तो बऱ्याच शीटमध्ये बघितलाय. जुनं `CHIINV` हे फंक्शन उजव्या बाजूने मोजतं, त्यात तेच 0.2 टाकलं की १६.३ ऐवजी २७.३ येतं आणि गुणक ०.९० होतो. म्हणजे एसडी वाढायच्या ऐवजी कमी झाला आणि सॅम्पल साइज अजून लहान! तपासायची खूण सोपी आहे, गुणक १ पेक्षा मोठाच असला पाहिजे. नसेल तर शेपूट चुकलं.

८० टक्केच का, ९५ का नाही, हे व्हायव्हात विचारतात. ९५ टक्क्यांची मर्यादा घेतली तर खात्री वाढते पण छोट्या पायलटवरून सॅम्पल साइज भलतंच फुगतं, मग गरजेपेक्षा खूप जास्त पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचे, जे एथिक्सच्या दृष्टीनेही बरं नाही. ८० हा मधला मार्ग म्हणून रुळलाय, तो काही निसर्गनियम नाही. ट्रायल एकदाच होणार असेल, परत करायला पैसे मिळणार नसतील, तर मी ९० घ्यायलाही सांगते, फक्त कारण लिहायचं.

पायलट अजून करायची असेल तर इथेच एक हिशेब उपयोगी पडतो. ग्रुपला १० ची पायलट केली तर मुख्य ट्रायलचं सॅम्पल या पद्धतीने साधारण ४० टक्क्यांनी वाढवावं लागतं, १२ ला ३५, २० ला २४ आणि ३५ ला १७ टक्के. ग्रुपला १२ हा जो आकडा सगळे लिहितात तो ज्युलियस यांच्या २००५ च्या लेखातून आलाय, पण तो घेतला म्हणजे एसडी पक्का झाला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. टियर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एसडीसाठी एकूण किमान ७० पेशंट सुचवले. कुठला घ्यायचा ते मुख्य ट्रायल केवढी होणार त्यावर ठरतं, जिथे मुख्य ट्रायलच ६० ची होणार तिथे ७० ची पायलट करण्यात अर्थ नाही.

## ६. पॉवर किती वेगवेगळी येऊ शकते ते एकदा डोळ्याने बघा

ही पायरी बंधनकारक नाही पण मला वाटतं की ज्याने हे एकदा करून बघितलं तो परत नुसता ९२ लिहीत नाही. पायलटशी सुसंगत असे हजारो एसडी बनवायचे आणि प्रत्येकाला आपल्या सॅम्पल साइजने किती पॉवर मिळते ते काढायचं.

```r
n <- 92
sig <- 12 * sqrt(22 / rchisq(10000, 22))
pw <- 1 - pt(qt(0.975, 2*n - 2), 2*n - 2,
             ncp = 5 / (sig * sqrt(2/n)))
mean(pw); mean(pw >= 0.80)
hist(pw)
```

`n` ला ९२ ठेवलं तर सरासरी पॉवर साधारण ७७-७८ टक्के येते, ऐकायला वाईट वाटत नाही. पण दुसरा आकडा बघा, पॉवर ८० किंवा जास्त असण्याची शक्यता निम्म्याहून कमी. आता `n` १२३ करून चालवा, सरासरी ८७ च्या आसपास जाते आणि दुसरा आकडा ८० टक्क्यांवर येतो.

इथे लोकांचा गोंधळ होतो म्हणून सावकाश सांगते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सरासरी पॉवर ८० हवी असेल तर ग्रुपला ९२ ऐवजी शंभरच्या जरा आत पुरतात, फार वाढवावं लागत नाही. पण सरासरी म्हणजे अशा खूप ट्रायल केल्या तर त्यांची सरासरी, आणि तुम्ही ट्रायल एकच करणार आहात. मोठी कंपनी वर्षाला पन्नास ट्रायल करत असेल तर तिला सरासरी चालते, एकाची कसर दुसऱ्यात निघते. थीसिस करणाऱ्याला किंवा एका ग्रँटवर काम करणाऱ्याला माझी हीच एक ट्रायल पुरेशा पॉवरची असेल ना हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर वरच्या मर्यादेच्या पद्धतीत आहे. कुठला प्रश्न विचारताय ते आधी ठरवा, मग आकडा निवडा, आणि दोन्हीपैकी लहान आला म्हणून तो निवडू नका.

अजून एक, हे सगळं फक्त नशिबाने होणाऱ्या चढउताराचा हिशेब धरतं. पायलट एका मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत केली आणि मुख्य ट्रायल तीन ग्रामीण रुग्णालयांत होणार असेल तर पेशंट वेगळे, मशीन वेगळी, मोजणारे वेगळे, पसारा वाढणार, आणि ते कुठल्याही काय-स्क्वेअरमध्ये येत नाही. म्हणून आधीच्या अभ्यासांचे एसडी शेजारी मांडून बघा. आपला वरच्या मर्यादेचा आकडा १३.९ आहे आणि तुमच्यासारख्याच पेशंटवरच्या चांगल्या पेपरमध्ये १६-१७ दिसत असतील तर पेपरकडे झुका. उलट पेपरमध्ये सगळीकडे १२-१३ असेल तर तुमचा आकडा पुरेसा सावध आहे असं म्हणता येईल.

## ७. ड्रॉपआउट, आणि भागाकार

पायलटमध्ये २८ पैकी ४ गेले, १४ टक्के. याचाही इंटरव्हल काढा, साधारण ४ ते ३३ टक्के येतो. म्हणजे ड्रॉपआउटचा अंदाज तर एसडीपेक्षाही कच्चा. इथे मी रजिस्टर वाचायला सांगते, चौघं का गेले ते. दोघं ऊसतोडणीला गेले असतील तर मुख्य ट्रायल कुठल्या महिन्यात चालणार यावर तो आकडा ठरणार, गणितावर नाही. आपल्या उदाहरणात २० टक्के धरू.

आता १२३ ला १.२ ने गुणायचं नाही. गुणलं तर १४८ येतात, त्यातले २० टक्के गेले की उरतात ११८, पाच कमी पडले. ०.८ ने भागायचं, १२३ भागिले ०.८ म्हणजे १५४. ग्रुपला १५४, एकूण ३०८.

## ८. आकडा झेपत नसेल तर

३०८ ऐकल्यावर गाइडचा चेहरा पडतो, मला माहितीये. थीसिसच्या मुदतीत एका ओपीडीतून एवढे पेशंट मिळत नाहीत. इथेच लोक ५ मिमीचे ७ करतात, आणि सॅम्पल साइज निम्म्यावर येतं, आणि कागदावर सगळं छान दिसतं. ते करू नका, त्याने बीपी ७ ने उतरायला लागत नाही.

खरे मार्ग तीन आहेत. एक म्हणजे पसारा कमी करा, एका रीडिंगऐवजी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी घ्या, सगळीकडे एकच मशीन, पाच मिनिटं बसवून मगच मोजायचं. दोन, विश्लेषणात सुरुवातीचं बीपी धरून तुलना करा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या बीपीत संबंध जितका घट्ट तितके पेशंट कमी लागतात, संबंध ०.५ असेल तर साधारण पाव भाग वाचतो. पण हा ०.५ सुद्धा २४ लोकांवरूनच काढला असेल तर त्यावर फार भार टाकू नका, थोडा कमीच धरा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, तो म्हणजे इंटर्नल पायलट. विट्स आणि ब्रिटन यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. मुख्य ट्रायल सुरू करायची, समजा ग्रुपला ९२ च्या अंदाजाने, आणि निम्मे पेशंट पूर्ण झाले की एसडी परत काढायचा आणि सॅम्पल साइज त्यावरून दुरुस्त करायचा. आता हा एसडी ग्रुपला १२ वरून नाही तर ४६ वरून आलाय, म्हणजे खूप भरवशाचा, आणि तुमच्याच पेशंटचा, तुमच्याच मशीनवरचा.

यात नियम कडक पाळायचे. कोण कुठल्या ग्रुपमध्ये ते न उघडता सगळ्यांचा मिळून एसडी काढायचा. तिसऱ्या पायरीत मी एकत्र काढू नका म्हटलं होतं, इथे मात्र ग्रुप न उघडणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ५ मिमीच्या फरकाने १२ चा फार तर साडेबारा होतो, तेवढं चालतं, चूक सावधपणाच्या बाजूलाच होते. फरक किती येतोय ते अजिबात बघायचं नाही, बघितला की पी व्हॅल्यूचा अर्थ गेला. सॅम्पल साइज फक्त वाढवायचं, कमी करायचं नाही. कधी बघणार, कोण बघणार, जास्तीत जास्त किती पेशंटपर्यंत जाणार हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची, आणि आकडा वाढला तर कमिटीला कळवून सीटीआरआयच्या नोंदीतही बदल करायचा.

आणि हो, बाहेर वेगळी केलेली पायलट असेल तर तिचे २४ पेशंट मुख्य ट्रायलमध्ये मिळवायचे नाहीत. निकाल बघून झाल्यावर ते आत घेतले की तुम्ही आवडलेला डेटा दोनदा वापरला असं होतं. इंटर्नल पायलटचे पेशंट मोजता येतात कारण ते पहिल्या दिवसापासून त्याच ट्रायलचे असतात.

## ९. प्रोटोकॉलमध्ये काय लिहायचं

फक्त शेवटचा आकडा लिहिला की वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. मी साधारण या आशयाचा परिच्छेद लिहून देते, तुम्ही तो तुमच्या प्रोटोकॉलच्या भाषेत उतरवा:

> "सिस्टॉलिक बीपीमध्ये ५ मिमीचा फरक वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा मानला असून तो पायलटमधून घेतलेला नाही. पायलटमध्ये २४ पेशंटवरून एकत्रित एसडी १२.० आला, त्याचा ९५ टक्के इंटरव्हल ९.३ ते १७.०. ही अनिश्चितता लक्षात घेऊन एसडीची एकतर्फी ८० टक्के वरची मर्यादा १३.९ वापरली. ८० टक्के पॉवर आणि दुतर्फी ५ टक्के पातळीला ग्रुपला १२३, आणि २० टक्के ड्रॉपआउट धरून १५४ पेशंट लागतील. खरा एसडी १७ असल्यास एवढ्या पेशंटमध्ये पॉवर साधारण ६३ टक्के राहील."

शेवटचं वाक्य बऱ्याच गाइडना आवडत नाही, त्यांना वाटतं आपणच आपली कमकुवत बाजू दाखवतोय. माझा अनुभव उलटा आहे. कमिटीतला स्टॅटिस्टिशियन हा प्रश्न विचारतोच, आणि उत्तर आधीच लिहिलेलं असलं की चर्चा तिथेच पुढे सरकते. पायलटचा वेगळा पेपर काढणार असाल तर २०१६ मध्ये आलेली पायलट ट्रायलसाठीची कॉन्सॉर्ट यादी समोर ठेवून लिहा, त्यात पायलटमध्ये एवढेच पेशंट का घेतले त्याचं कारण द्यायला सांगितलंय, आणि तिथे तुम्हाला ९ मिमीचा फरक पी व्हॅल्यू लावून मिरवायची गरज पडत नाही, तो इंटरव्हलसकट नुसता नोंदवायचा.

सिनॉप्सिस देण्याआधी एवढं एकदा करा, मूळ शीट, वरचा आरचा कोड आणि हा परिच्छेद तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवून दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि त्याला १५४ हा आकडा परत काढायला सांगा. त्याचा १५४ आला नाही तर बहुतेक वेळा गडबड तिसऱ्या पायरीत असते, एसडी भलताच उचललेला असतो.